दहा आठशे आणि मॅरेथॉनची वेळ: मिनिटांचे तास कधी होतात आणि कधी होत नाहीत

मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांमध्ये एक ठोकताळा फार प्रसिद्ध आहे. ८०० मीटर अंतर दहा वेळा पळायचं आणि प्रत्येक दोन धावांच्या मध्ये तेवढाच वेळ हळू जॉगिंग करायचं. दहाही वेळा सरासरी ३ मिनिटं ४५ सेकंद लागले, तर मॅरेथॉन ३ तास ४५ मिनिटांत पूर्ण होईल. म्हणजे मिनिटांचे तास करायचे आणि सेकंदांची मिनिटं. चार मिनिटांत आठशे पळणाऱ्याची मॅरेथॉन चार तासांची, तीन मिनिटांत पळणाऱ्याची तीन तासांची.

हा ठोकताळा अमेरिकन धावपटू बार्ट यासो यांचा. स्वतःच्या सरावाच्या नोंदी पाहताना त्यांना हा मेळ दिसला, आणि १९६८ची बॉस्टन मॅरेथॉन जिंकलेले अँबी बरफूट यांनी या सत्राला त्यांचंच नाव देऊन ते लोकांपुढे आणलं. म्हणून जगभर ते ‘यासो ८००’ या नावाने ओळखलं जातं.

लक्षात ठेवायला इतकं सोपं असल्यामुळे लोक त्यावर भरवसा ठेवतात, किंवा इतकं सोपं काही खरं असूच शकत नाही म्हणून ते झटकून टाकतात. दोन्हीपेक्षा उपयोगाचं म्हणजे हा ठोकताळा नेमकं काय गृहीत धरतो ते पाहणं. त्याच्या पोटात एकच आकडा दडलेला आहे. तो सापडला की आपल्या बाबतीत हा अंदाज चालेल की नाही, हे सत्राच्या आधीच बऱ्यापैकी कळतं.

मिनिटांच्या तासांमागचा हिशेब

मॅरेथॉनचं अंतर ४२.१९५ किलोमीटर. त्याला ८०० मीटरने भागलं की ५२.७४ येतात. म्हणजे एका मॅरेथॉनमध्ये जवळजवळ ५३ आठशे असतात. समजा, तुम्ही एक आठशे ३:४५ मध्ये पळता आणि काहीतरी चमत्कार होऊन त्याच वेगाने न थांबता शेवटपर्यंत पळालात. मग मॅरेथॉन ३ तास १८ मिनिटांच्या आत संपेल. ठोकताळा मात्र सांगतो ३ तास ४५ मिनिटं, म्हणजे २२५ मिनिटं.

आता मिनिटांचे तास करणं म्हणजे ६० ने गुणणं. प्रत्यक्ष आठशे आहेत ५२.७४, आणि आपण गुणतोय ६० ने. ६० भागिले ५२.७४ केलं की १.१३८ येतात. ठोकताळ्याचं सगळं मर्म एवढंच आहे: मॅरेथॉनमध्ये तुम्ही या सत्रातल्या आठशेच्या तुलनेत दर किलोमीटरला सुमारे १४ टक्के जास्त वेळ घ्याल. तीन तासवाला असो की पाच तासवाला, हे प्रमाण सगळ्यांना एकच. घड्याळात तासाची मिनिटं साठ असतात आणि मॅरेथॉनमध्ये त्रेपन्न आठशे बसतात, या योगायोगामुळे तो आकडा दिसत नाही, इतकंच.

३:४५ च्या उदाहरणात पेस मांडून पाहू. पेस म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ. सत्रातल्या आठशेचा पेस येतो ४:४१, आणि ३:४५ तासांच्या मॅरेथॉनचा पेस येतो ५:२०. फरक दर किलोमीटरला ३९ सेकंदांचा. तेव्हा ‘माझी मॅरेथॉन ३:४५ ला होईल का’ हा प्रश्न खरं तर असा आहे: ४:४१ च्या पेसने दहा आठशे पळणारा माझा देह ४२ किलोमीटरमध्ये फक्त ३९ सेकंदांनी मंदावेल, की त्याहून जास्त?

चौदा टक्के हा आकडा अगदीच हवेतला नाही

पीटर रीगल या अमेरिकन अभियंत्याने १९७७ मध्ये शर्यतींच्या वेळांसाठी एक सूत्र मांडलं. एका अंतराची वेळ माहीत असली की दुसऱ्या अंतराच्या वेळेचा अंदाज त्यातून येतो. आजही बहुतेक ऑनलाइन कॅल्क्युलेटरांच्या मुळाशी ते किंवा त्याचं एखादं रूप असतं:

```
T2 = T1 × (D2 / D1)^1.06
```

T म्हणजे वेळ आणि D म्हणजे अंतर. घातांक १ असता तर अंतर दुप्पट झाल्यावर वेळही बरोबर दुप्पट झाला असता, आणि धावपटू कधीच थकला नसता. १.०६ मधला तो .०६ म्हणजे थकव्याचा वाटा.

या सूत्रात ५ किलोमीटरची शर्यत आणि मॅरेथॉन घालून पाहिली, तर मॅरेथॉनचा पेस ५ किलोमीटरच्या पेसपेक्षा १३.७ टक्क्यांनी मंद येतो. यासोंच्या ठोकताळ्यात तोच आकडा १३.८ टक्के आहे. एकाने सरावाच्या वहीतून काढलेला आणि दुसऱ्याने विक्रमांच्या वेळांवरून काढलेला हिशेब इतक्या जवळ येतो, हे मला या विषयातलं सगळ्यात सुंदर वळण वाटतं. त्यातून सत्राचं स्वरूपही उलगडतं. आपण तेवढाच वेळ जॉगिंग करत दहा आठशे पळतो तेव्हा, अंदाज खरा असेल तर, तो साधारण आपल्या ५ किलोमीटर शर्यतीचा पेस असतो. म्हणजे हे सत्र मॅरेथॉनची चाचणी नाही. ती ५ किलोमीटरच्या वेगाची चाचणी आहे, आणि तिला चौदा टक्के मंदावण्याचं गृहीतक जोडलेलं आहे.

रीगल यांच्या सूत्राला मर्यादा होती: साधारण साडेतीन मिनिटांपासून २३० मिनिटांपर्यंतच्या शर्यतींना ते लागू पडतं. २३० मिनिटं म्हणजे ३ तास ५० मिनिटं. त्यापुढे, चार-साडेचार-पाच तास लागणाऱ्या धावपटूंसाठी, आपण त्या मर्यादेबाहेर जात असतो. आणि नेमक्या याच लोकांना हा ठोकताळा सगळ्यात जास्त वेळा फसवतो.

सत्र नेमकं कसं करायचं

अंदाज खरा की खोटा हा पुढचा प्रश्न. आधी सत्र नीट झालं पाहिजे, कारण इथे चूक फार मोठी होऊन बाहेर पडते. सेकंदाचं मिनिट होतं, तेव्हा आठशेमागे चार सेकंदांची गफलत म्हणजे मॅरेथॉनच्या अंदाजात चार मिनिटांची गफलत.

सर्वांत चांगली जागा म्हणजे ४०० मीटरचा ट्रॅक, आणि तोही पहिल्या लेनमध्ये. दोन फेऱ्या म्हणजे ८०० मीटर, हे फक्त पहिल्या लेनला खरं आहे. दुसऱ्या लेनची फेरी साधारण ४०७ मीटरची असते आणि तिसऱ्या लेनची ४१४.७ मीटरची. तिसऱ्या लेनमध्ये दोन फेऱ्या मारल्या तर तुम्ही जवळजवळ २९ मीटर जास्त पळता. ४:४१ च्या पेसला हे आठ सेकंद होतात, आणि ३:४५ चा धावपटू स्वतःला उगाच ३:५३ चा समजून बसतो. पहिली लेन गर्दीमुळे मिळत नसेल तर दुसऱ्या लेनमध्ये पळा आणि दर आठशेच्या वेळेतून चार सेकंद वजा करा.

ट्रॅकवर जीपीएस घड्याळाच्या अंतरावर विसंबू नका. वळणांवर ते चुकतं, आणि ८०० मीटरमध्ये एक टक्का चूक म्हणजे दोन सेकंदांहून जास्त. घड्याळातल्या ट्रॅक मोडने काम थोडं सुधारतं, पण रेषेपासून रेषेपर्यंत हाताने लॅपचं बटण दाबणं सगळ्यात भरवशाचं. ट्रॅक नसेल तर सपाट रस्त्यावर ८०० मीटरचा तुकडा मोजून त्याच्या दोन्ही टोकांना खूण करा, आणि एक आठशे जाताना, पुढचं येताना असं पळा, म्हणजे वारा आणि बारीकसा उतार दोन्ही बाजूंना वाटले जातील.

वॉर्मअप पंधरा मिनिटांचं सैल जॉगिंग आणि त्यानंतर ८० ते १०० मीटरच्या तीन-चार वेगवान धावा एवढा तरी हवाच. तो टाळला तर पहिली दोन आठशे शरीर जागं करण्यातच जातात आणि त्यांच्या वेळांना अर्थ उरत नाही.

आता मधल्या जॉगिंगबद्दल, कारण सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. नियम अंतराचा नाही, वेळेचा आहे. आठशेला ३:४५ लागली तर जॉगिंगही ३:४५. बहुतेक जण ४०० मीटरची एक फेरी जॉगिंगमध्ये घालवतात, पण नेहमीच्या सात मिनिटांच्या पेसने ती फेरी पावणेतीन मिनिटांतच संपते. मग ते एक मिनिट उभे राहतात किंवा लगेच पुढचं आठशे सुरू करतात. दोन्हीने सत्र बदलतं. उभं राहिलात तर विश्रांती जास्त मिळते आणि वेळा चांगल्या दिसतात. लगेच निघालात तर सत्र ठोकताळ्याच्या अपेक्षेपेक्षा कठीण होतं.

यावर उपाय सोपा आहे. घड्याळ चालूच ठेवा आणि ठरलेल्या क्षणांना सुरुवात करा. ३:४५ च्या लक्ष्यासाठी एक चक्र साडेसात मिनिटांचं होतं. पहिलं आठशे ०:०० ला, दुसरं ७:३० ला, तिसरं १५:०० ला, असं करत दहावं ६७:३० ला सुरू होतं आणि ७१ मिनिटं १५ सेकंदांना सगळं संपतं. मधल्या वेळात एक फेरी अगदी रमतगमत, किलोमीटरला नऊ मिनिटांहूनही हळू मारायची. या पद्धतीचा आणखी एक फायदा आहे: एखादं आठशे तीन सेकंद मंद गेलं तर ते तीन सेकंद तुमच्याच विश्रांतीतून कापले जातात, त्यामुळे स्वतःला सवलत देता येत नाही.

प्रत्येक आठशेच्या आतला वेगही सारखा हवा. ३:४५ म्हणजे एका फेरीला १ मिनिट साडेबावन्न सेकंद, आणि २०० मीटरला ५६ सेकंद. पहिल्या २०० मीटरला घड्याळ ५० दाखवत असेल तर सुरुवात फार जोरात झाली आहे, हे तिथेच ओळखा. शेवटचे २०० मीटर ताणून वेळ साधली, तरी त्याची किंमत पुढची दोन आठशे चुकवतात.

दहा हा आकडा पहिल्या दिवशी गाठायचा नसतो. नेहमीची पद्धत अशी: शर्यतीच्या आठ आठवडे आधी चार आठशेपासून सुरुवात, दर आठवड्याला एक वाढवायचं, आणि दहावर पोहोचायचं ते शर्यतीच्या दोन आठवडे आधी. शेवटचं मोठं सत्र आणि शर्यत यांत किमान दहा दिवसांचं अंतर हवं. माझं मत विचाराल तर लाँग रन सुरू असताना दर आठवड्याला हे सत्र करणं बऱ्याच जणांना झेपत नाही. चार, सहा, आठ, दहा असं एक आठवडा सोडून केलं तर पाय ताजे राहतात आणि लाँग रनचा बळी जात नाही. चार किंवा सहा आठशेवरून मॅरेथॉनचा अंदाज मात्र बांधू नका. ५ किलोमीटरच्या पेसपेक्षा बऱ्याच जास्त वेगानेही सहा आठशे निभावता येतात, विश्रांती इतकी लांब असताना तर नक्कीच. सातव्या-आठव्यापासून पुढे सत्र खरं बोलू लागतं.

सरासरी सारखी, अर्थ वेगळा

सत्र संपल्यावर लोक दहा वेळांची सरासरी काढून थांबतात. सरासरी हवीच, आणि ती दहाही आठशेंची हवी, सर्वांत चांगल्या पाचांची नव्हे. पण तिच्या आत काय चाललं आहे तेही पाहायला हवं. दोन धावपटू घेऊ, दोघांचंही लक्ष्य ३:४५.

तिच्या वेळा अशा: पहिलं आठशे ३:४६, मग सगळी ३:४४ आणि ३:४७ च्या मध्ये, शेवटचं ३:४४. सरासरी ३:४५. दहावं संपलं तेव्हा दम लागला होता, पण आणखी एक पळायला सांगितलं असतं तर ती पळाली असती. जॉगिंगही शेवटपर्यंत जॉगिंगच राहिलं.

त्याच्या वेळा अशा: ३:३६, ३:३७, ३:३९, ३:४१, ३:४३, ३:४५, ३:४८, ३:५२, ३:५५, ३:५८. सरासरी काढली तर तीही ३:४५. पण पहिल्या आणि शेवटच्या आठशेत २२ सेकंदांचा फरक आहे. शेवटच्या तिघांची सरासरी ३:५५ आहे, आणि सातव्यानंतर तो जॉगिंगऐवजी चालत होता.

कागदावर दोघे सारखे. तिचं सत्र सांगतं की हा वेग तिच्या आवाक्यात आहे. त्याचं सत्र सांगतं की सुरुवातीला उधार घेतलेला वेग त्याने शेवटी व्याजासकट फेडला. असं सत्र हाती आलं की सरासरी सोडा आणि शेवटच्या तीन आठशेंची वेळ पाहा. सर्वांत जलद आणि सर्वांत मंद आठशेतला फरक पाच-सहा सेकंदांत राहिला तरच सरासरीला अंदाज म्हणता येतं. दुसऱ्या प्रकारचं सत्र निकालात न धरता दोन आठवड्यांनी ३:५० च्या वेगाने पुन्हा करून पाहणं अधिक शहाणपणाचं.

आणखी एक सापळा आहे, आणि त्यात जिद्दी माणसं हमखास सापडतात. ३:४५ चं लक्ष्य मनात धरून माणूस ट्रॅकवर जातो आणि कसंही करून दहा वेळा ३:४५ ‘काढतो’. शेवटच्या आठशेनंतर गवतावर आडवा होतो. हे सत्र सरावाचं उरत नाही, शर्यतच होते. जीव पणाला लावून आलेल्या वेळा अंदाजासाठी वापरल्या, तर अंदाज नेहमी जास्त आशावादी निघतो. दहावं आठशे संपताना अकरावं पळता येईल असं वाटलं पाहिजे. ही खूण घड्याळात दिसत नाही, पण तिच्याशिवाय घड्याळातल्या आकड्याला फारसा अर्थ नसतो.

चौदा टक्क्यांची फेरतपासणी

आता ती आणि तो दोघांनीही सत्र नीट केलं असं समजू: दोघांची सरासरी ३:४५, दोघांच्या वेळा एकसारख्या. तरीही अंदाज दोघांना सारखाच लागू पडेल का? इथे दुसरा पुरावा हवा, आणि सर्वांत चांगला पुरावा म्हणजे गेल्या दीड-दोन महिन्यांत पूर्ण जोर लावून पळालेली हाफ मॅरेथॉन.

समजा, तिने हाफ १ तास ४८ मिनिटांत पूर्ण केली आणि त्याने १ तास ५३ मिनिटांत. रीगल यांच्या सूत्रात अंतर दुप्पट केलं की वेळ २.०८५ पट होते. तिच्या १:४८ वरून मॅरेथॉन येते ३:४५. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं, म्हणजे त्यावर भरवसा ठेवायला जागा आहे. त्याच्या १:५३ वरून मॅरेथॉन येते ३:५६ च्या जवळ. यासोंचा ठोकताळा त्याला अकरा मिनिटं आधी पोहोचवतो आहे.

यातलं खरं कोणतं, हे सूत्राशिवायही दिसतं. त्याचा आठशेचा पेस ४:४१, आणि हाफ मॅरेथॉनचा पेस ५:२१. म्हणजे २१ किलोमीटरला पोहोचेपर्यंतच तो १४ टक्के मंदावला आहे. ठोकताळा त्याला हे चौदा टक्के ४२ किलोमीटरसाठी देतो. आणखी सरळ सांगायचं तर ३:४५ च्या मॅरेथॉनसाठी त्याला ५:२० चा पेस ४२ किलोमीटर टिकवायचा आहे, आणि त्याने सगळी ताकद लावून ५:२१ चा पेस जेमतेम २१ किलोमीटर टिकवला आहे. हे जमण्यासारखं नाही, आणि हे कळायला कागदावर दोन ओळींचा भागाकार पुरतो.

हा फरक पडतो कारण आठशे आणि मॅरेथॉन शरीराच्या वेगवेगळ्या गोष्टींची परीक्षा घेतात. आठशेंच्या सत्रात प्रश्न असतो तो फुप्फुसं, हृदय आणि स्नायू मिळून किती ऑक्सिजन वापरू शकतात याचा. दर साडेतीन-चार मिनिटांनी विश्रांती मिळते, इंधन कमी पडत नाही, पायांवर एकूण आघातही मर्यादित राहतात. मॅरेथॉनमध्ये तीसेक किलोमीटरनंतर स्नायूंमधला ग्लायकोजेनचा साठा आटत जातो, हजारो पावलांच्या आघातांनी मांड्या जड होतात, अंगातली उष्णता बाहेर टाकणं कठीण होतं. ऑक्सिजन वापरण्याची क्षमता दोघांची सारखी असली, तरी या दुसऱ्या गोष्टी आठवड्याच्या एकूण किलोमीटरांनी आणि लाँग रननेच घडतात. ती आठवड्याला ७० किलोमीटर पळत असेल आणि ३० किलोमीटरच्या तीन-चार लाँग रन केल्या असतील, आणि तो आठवड्याला ३५ किलोमीटर पळून सर्वांत लांब २२ किलोमीटरपर्यंतच गेला असेल, तर हे आकडे असेच येणार. जन्मजात वेगवान, पण कमी किलोमीटर पळणारा माणूस या सत्रात नेहमी स्वतःच्या मॅरेथॉनपेक्षा चांगला दिसतो. उलट, वर्षानुवर्षं खूप किलोमीटर पळणारा, पण ट्रॅकवर फारसा न जाणारा माणूस सत्रात मार खातो आणि मॅरेथॉनमध्ये अंदाजापेक्षा लवकर पोहोचतो.

हाफ मॅरेथॉनची वेळ हाताशी नसेल तर काय करायचं? बरेच प्रशिक्षक ठोकताळ्याच्या उत्तरात सरसकट पाच मिनिटं वाढवतात. पहिल्यांदाच मॅरेथॉन पळणाऱ्याने, किंवा अंदाज चार तासांपलीकडे जाणाऱ्याने, दहा-पंधरा मिनिटंही वाढवायला हरकत नाही. थकव्याचा वाटा थोडासा वाढला तरी शेवटी किती फरक पडतो, हे रीगल यांच्या सूत्रातून तपासता येतं. ३:३० आठशेवाल्याचा घातांक १.०६ च्या जागी १.०८ असला तर मॅरेथॉन ३:३९ होते. १.१० असला तर ३:४८. घातांकातले हे दोन-चार शतांश म्हणजे बहुतेक वेळा न केलेल्या लाँग रन असतात.

हवेचा विचारही इथेच करायचा. थंड पहाटे केलेल्या सत्रावरून काढलेली वेळ उन्हातल्या शर्यतीला लावता येत नाही, कारण सत्रात शरीराला दर साडेतीन-चार मिनिटांनी थंड व्हायला संधी मिळते आणि शर्यतीत ती नसते.

या अंदाजाचं शर्यतीच्या दिवशी काय करायचं

तिच्यासाठी काम सोपं आहे. सत्र आणि हाफ दोन्ही ३:४५ म्हणतात, तेव्हा सुरुवातीचा पेस ५:२० किंवा त्याहून दोन-तीन सेकंद मंद. पहिले ५ किलोमीटर २६ मिनिटं ४० सेकंद ते २७ मिनिटांत गेले की ती जागेवर आहे.

त्याने मात्र ३:४५ मनातून काढलं पाहिजे. हाफवरून ३:५६ येतात, पण लाँग रन कमी असल्यामुळे तीही चांगल्या दिवसाची वेळ आहे. शहाणपणाचं लक्ष्य चार तासांचं, म्हणजे ५:४१ चा पेस. ५:२० ने सुरुवात केली तर अर्ध्या अंतरापर्यंत तो चार तासांच्या वेळापत्रकापेक्षा सात मिनिटं पुढे असेल, आणि तीस किलोमीटरनंतर दर किलोमीटरला दीड मिनिट मंदावला तर उरलेल्या बारा किलोमीटरमध्ये ती सातही मिनिटं जातील आणि वर आणखी जातील. पहिले ५ किलोमीटर २८ मिनिटं २० सेकंदांच्या आत संपले, तर तो फार जोरात निघाला आहे. पुढच्या किलोमीटरला त्याने पेस कमी करावा, मग पाय कितीही हलके वाटत असोत. ३२ किलोमीटरच्या खुणेपाशी दम आणि पाय दोन्ही शाबूत असतील, तर तिथून ५:३० चा पेस धरला तरी चार तासांच्या आत पोहोचता येतं.